गाळणीत राहिलेला चोथा

प्रश्न: "नमस्कार. आम्ही वेंगुर्ल्याजवळ राहतो. सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. गेले सहा महिने त्यांना खडा होतो, तीन-चार दिवस पोट साफ होत नाही, बाथरूममध्ये अर्धा-अर्धा तास कुंथत बसतात. दात नाहीत आणि कवळी टोचते म्हणून काढून ठेवतात. फळ चावता येत नाही, म्हणून मी रोज सकाळी चार मोसंब्यांचा रस काढून, गाळून देते. महिना झाला, काडीचा फरक नाही. शेजारीण म्हणते पेरू दे, नणंद म्हणते पपई दे, आणि दीर मुंबईहून नासपती पाठवतात. पेरू-पपई परसातच आहेत. रस द्यावा की फळ, आणि कुठलं? त्यांना साखरेची गोळी चालू आहे."

उत्तर:

ताई, उद्या रस काढाल तेव्हा गाळणीत उरलेला चोथा लगेच फेकू नका. चिमटीत धरून दाबून बघा. ओलसर असतो, दोऱ्यादोऱ्यांचा असतो, आणि कितीही दाबला तरी थोडं पाणी धरूनच ठेवतो. सासूबाईंच्या पोटाला नेमकी हीच वस्तू हवी होती. ती महिनाभर केरात गेली आणि पेल्यात उतरलं ते गोड पाणी.

चार मोसंब्यांचा साधारण पेलाभर, म्हणजे २०० मिली रस निघतो. त्यात साखर १५ ग्रॅमच्या आसपास आणि तंतू जवळजवळ शून्य. ती साखर आणि ते पाणी, दोन्ही लहान आतड्यातच रक्तात ओढली जातात. शौच जिथे तयार होतं आणि जिथे पडून राहिलं की कोरडं होऊन त्याचा खडा बनतो, त्या मोठ्या आतड्यापर्यंत या रसातलं काही पोचतच नाही. म्हणून महिनाभर देऊनही फरक पडला नाही. यात तुमच्या हाताचा दोष नाही, रसाचा स्वभावच तो आहे. वर साखरेची गोळी चालू असलेल्या माणसाला सकाळी रिकाम्या पोटी चार मोसंब्यांची साखर एका दमात मिळते. चावून खायची म्हटली तर त्या एकावेळी चार मोसंबी कधीच खाणार नाहीत. तेव्हा मोसंबीचा रस आजपासून बंद करा.

अनेक जणी मला सांगतात की मिक्सरमध्ये फिरवलं की फळातले तंतू मरतात. तसं होत नाही. पातं तंतूंचे बारीक तुकडे करतं, पण ते भांड्यातच राहतात आणि पोटात गेल्यावर आपलं काम करतात. नुकसान होतं ते गाळताना. त्यामुळे दात नसलेल्या माणसाला फळ कुस्करून, शिजवून, मिक्सरला लावून कसंही द्या, फक्त गाळू नका. चावता येत नाही म्हणून तुम्ही रसाकडे वळलात, पण न चावता अख्खं फळ देण्याचे मार्ग आपल्या स्वयंपाकघरात आहेत.

आता फळांकडे येऊ. पेरू, पपई आणि नासपती तिन्ही पोटाला चांगली, पण तिघांची काम करण्याची तऱ्हा वेगळी आहे, आणि इथेच शेजारीण, नणंद आणि दीर आपापल्या जागी बरोबर आहेत.

आधी दिरांची नासपती घेऊ. गोव्याच्या बाजूला पेरूला 'पेर' म्हणतात, त्यामुळे डॉक्टरांनी 'पेअर' सांगितलं की तुमच्या भागातली काही मंडळी पेरूच घेऊन येतात. मी म्हणतेय ती गणपतीच्या पाच फळांत असते ती, हिमाचल-काश्मीरकडून येणारी नासपती. तिच्यात दोन गोष्टी एकत्र असतात. सालीसकट खाल्ली तर एका मध्यम फळातून ५ ग्रॅमच्या आसपास तंतू मिळतात. आणि दुसरं म्हणजे सॉर्बिटॉल, एक जातीची साखर, जी आपल्या आतड्याला नीट शोषून घेता येत नाही. १०० ग्रॅम नासपतीत ती साधारण २ ग्रॅम असते. न शोषलेली ही साखर पुढे मोठ्या आतड्यात जाते आणि जाताना पाणी सोबत ओढून नेते. शौच मऊ होतं ते या पाण्याने. सॉर्बिटॉल पाण्यात विरघळतं, म्हणजे गाळलं तरी रसात उतरतं. म्हणूनच नासपतीचा रस थोडा तरी उपयोगी पडतो आणि मोसंबीचा पडत नाही, कारण मोसंबीत सॉर्बिटॉल नसतंच. सुक्या आलुबुखारात ते नासपतीच्या कितीतरी पट असतं आणि त्याच्या रसाची जुनी ख्याती त्यामुळेच आहे. तरी तुमच्या घरात अख्खी नासपती येत असताना तिचा रस काढायचं काही कारण नाही. आणि दुकानातल्या 'फ्रूट ड्रिंक'च्या खोक्यांवर नासपतीचं चित्र दिसलं म्हणून ते घेऊ नका, त्यात बहुतेक वेळा फळ थोडं आणि वरून घातलेली साखर फार असते.

दात नसलेल्यांसाठी नासपती उकडा. धुऊन, सालीसकट चार फोडी करून, मधला बियांचा गाभा काढून मोदकपात्रात ठेवा. दहा-बारा मिनिटांत साल इतकी मऊ होते की चमच्याने कुस्करता येते. मग मिक्सरला एक फेरा द्या, म्हणजे सालीचा कपटा टाळ्याला चिकटणार नाही. उकडून सॉर्बिटॉल कुठे जात नाही. फळ कडक असेल तर दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवा आणि देठाजवळ अंगठ्याने दाबून बघा, तिथे दबली की तयार. एक जात पिकली तरी वाळूसारखी कचकचते. तिच्यापेक्षा मऊ गराची, बाबुगोशा म्हणून मिळते ती सासूबाईंना सोपी जाईल. पहिल्या दिवशी अर्धीच द्या. जे सॉर्बिटॉल शौच मऊ करतं, तेच आतड्यातल्या जिवाणूंच्या तावडीत सापडलं की गॅस करतं, आणि एकदम दोन नासपती दिल्यात तर पोट फुगून त्या फळावरच रुसतील.

नणंदेची पपई ही तुमची रोजची सोबत. आकड्यांत ती मागे आहे, १०० ग्रॅममध्ये दोन ग्रॅमही तंतू नाहीत. पण दीडशे ग्रॅमची वाटीभर पपई विनादाताचं माणूस चमच्याने आनंदाने खातं, आणि तिच्यात नव्वद टक्क्यांच्या जवळ पाणी असतं. बारा महिने परसात मिळते, विकत आणावी लागत नाही. पपई लागू पडते ती बहुधा अशीच, रोज, न कंटाळता पोटात जाते म्हणून. तिच्यातल्या पपेनमुळे पोट सुटतं असं बरेच जण सांगतात. पपेन असतं ते कच्च्या पपईच्या पांढऱ्या चिकात. फळ झाडावर पिवळं होत जातं तसं ते कमी होत जातं आणि चमच्याने खाण्याइतक्या पिकलेल्या पपईत नावालाच उरतं. त्यामुळे जास्त गुणकारी होईल म्हणून अर्धी कच्ची पपई देऊ नका.

शेजारणीचा पेरू. तिघांत तंतू सगळ्यात जास्त त्याच्यातच, १०० ग्रॅमला ५ ग्रॅमच्या वर. दात धड असलेल्या, पाणी भरपूर पिणाऱ्या माणसाला मी पहिला पेरूच सांगते. पण सासूबाईंच्या बाबतीत मी त्याला शेवटी ठेवते, आणि का ते एका उदाहरणाने सांगते.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे किनाऱ्यावरच्या एका गावातून एक आजोबा आले होते. सत्तरी ओलांडलेली, आणि तक्रार तुमच्या सासूबाईंसारखीच. कोणीतरी पेरू सांगितला होता. झाडाला लगडलेले होते, म्हणून रोज तीन-तीन खायला लागले. दाढा नसल्याने बिया तशाच गिळत होते. आणि रात्री उठावं लागतं म्हणून दुपारनंतर पाण्याला हात लावत नव्हते. आठ दिवसांत पोट टम्म झालं, शौचाची भावना सारखी व्हायची पण बाहेर काही येईना, आणि कपड्याला मात्र पातळ डाग पडायला लागले. घरच्यांना वाटलं जुलाब लागले, म्हणून त्यांनी पेरू तर बंद केलाच, वर जुलाबावरची गोळीही दिली. खरं तर खाली बियांचा आणि सुक्या शौचाचा घट्ट गोळा अडकला होता आणि वरचं पातळ त्याच्या कडेने पाझरत होतं. डॉक्टरांना एनिमा देऊन तो काढावा लागला. तंतूंना पाणी मिळालं नाही की ते फुगत नाहीत, नुसते साठतात. पेरूच्या टणक बिया तर कुठेच विरघळत नाहीत. पाणी पिणाऱ्याच्या पोटातून त्या निमूट निघून जातात, कोरड्या आतड्यात मात्र असा गोळा होऊ शकतो.

त्याच आजोबांना नंतर पेरू पुन्हा सुरू केला, पण वेगळ्या रीतीने. पूर्ण पिकलेला, वास सुटलेला, दाबल्यावर दबणारा पेरू घ्यायचा. कच्चा, तुरट पेरू उलट पोट धरून ठेवतो. त्याच्या फोडी थोड्या पाण्यात दहा मिनिटं शिजवायच्या आणि पुरणयंत्रातून फिरवायच्या. गर खाली पडतो, बिया वर राहतात. बियांबरोबर काही तंतू जातात, त्याला इलाज नाही, पण सालीचे आणि गराचे बरेचसे मिळतात. चहाची गाळणी किंवा फडकं यासाठी वापरू नका, ते गरही अडवतं आणि पुन्हा रसाचीच गत होते. गरात चिमूटभर मीठ आणि जिरेपूड घातली की चव येते, साखरेची गरज पडत नाही. आजोबा असा अर्धा पेरू आणि सकाळी वाटीभर पपई, एवढ्यावर तीन आठवड्यांत दिवसाआड सहज जायला लागले. पण त्यात पाण्याचाही वाटा आहे, तेवढाच मोठा.

आता तुमच्यासाठी मला काय वाटतं ते सांगते. पहिले तीन दिवस फक्त पपई द्या, न्याहारीबरोबर एक वाटी. चौथ्या दिवसापासून दुपारी अर्धी उकडलेली नासपती घाला. गॅस झाला नाही तर आठवडा संपता संपता पूर्ण. नासपती नसेल त्या दिवशी पुरणयंत्रातून काढलेला अर्ध्या पेरूचा गर. साखर वाढलेली आहे म्हणून दिवसाला फळं दोनच वेळा, आणि एकावेळी एकच. सगळी एकत्र करून मोठा पेलाभर स्मूदी करू नका, फळ गाळलं नाही तरी साखर एका दमात पोटात गेली की ती तशीच चढते. पहिल्या आठवड्यात घरच्या मशीनवर जेवणानंतर दोन तासांनी साखर तपासा, म्हणजे कुठलं फळ किती मानवतं ते तुम्हालाच कळेल.

पाणी दिवसाला सात-आठ पेले, आणि त्यातले बहुतेक संध्याकाळी पाचच्या आत. म्हणजे रात्री उठायची भीती राहणार नाही. आपल्याकडच्या दमट हवेत घाम अंगावरच राहतो, आणि पिकल्या वयात तहान फारशी जाणवतच नाही, त्यामुळे त्या मागतील तेव्हा देऊ असं म्हणून भागणार नाही. जवळ तांब्या भरून ठेवा आणि किती उतरला ते बघा. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका. मूत्रपिंडं थकलेली असतील तर पेरू-पपईतल्या पोटॅशियमचाही विचार करावा लागतो.

न्याहारीनंतर पंधरा-वीस मिनिटांनी त्यांना बाथरूममध्ये बसवा. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं आपोआप हलतं, सकाळी ते जास्त जोरात हलतं, आणि फळाने मऊ केलेलं शौच तेव्हा निघतं. कमोड असेल तर पायाखाली वीतभर उंचीचा पाट द्या. दहा मिनिटांत झालं नाही तर उठवा. अर्धा तास कुंथत बसण्याने मूळव्याध होते, शौच होत नाही. आणि जेवण फक्त भात आणि माशाच्या कढीचं असेल तर एक वेळ नाचणीची भाकरी कढीत कुस्करून द्या. मासा अंगाला लागतो, पण त्यात तंतू अजिबात नाहीत, आणि पांढऱ्या भातातही नावापुरतेच.

फरक पडतोय की नाही ते कसं ओळखायचं? किती दिवसांनी झालं एवढंच मोजू नका, कसं झालं ते बघा. सुक्या, सुट्या लेंड्या असतील तर ते आत फार वेळ पडून राहिलेलं आहे. लेंड्या एकमेकींना चिकटून ओबडधोबड लांबडी झाली तर गाडी पुढे सरकतेय. गुळगुळीत, मऊ, न कुंथता होणारं असेल तर तिथेच थांबा, फळ वाढवू नका. पातळ होऊ लागलं तर नासपती आधी कमी करा. नासपतीचा परिणाम एक-दोन दिवसांतही दिसतो, पपई-पेरूच्या तंतूंना आठवडा द्यावा लागतो. त्यामुळे तीन दिवसांत काही नाही म्हणून फळं बदलत बसू नका. कॅलेंडरवर रोज एक शब्द लिहा, लेंड्या, मऊ किंवा पातळ. पंधरा दिवसांनी ते पान पाहून तुम्हालाच कळेल.

पण ताई, हे सगळं सुरू करण्याआधी त्यांना एकदा डॉक्टरांकडे न्या, आणि जाताना सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घाला. बहात्तराव्या वर्षी सहा महिन्यांपासून नव्याने सुरू झालेला हा त्रास आहे, आणि याचं कारण फळ नसेलही. लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, काही दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या, आम्लपित्ताची काही औषधं, यांनी पोट बांधलं जातं. थायरॉईड मंदावलं तरीही असंच होतं. तेवढ्यासाठी रक्त तपासतील आणि बोटाने खाली गोळा अडकला आहे का तेही पाहतील. तो असेल तर आधी काढावा लागतो. त्याच्यावर फळं घालत राहिलं तर आजोबांचं झालं तेच होईल.

शौचातून रक्त येत असेल, काळं होत असेल, न सांगता वजन उतरलं असेल, किंवा शौच पूर्वीपेक्षा सारखं बारीक होत असेल, तर ही भेट पुढच्या आठवड्यावर ढकलू नका. आणि पोट फुगून उलट्या व्हायला लागल्या, वारा सरणंही बंद झालं, तर ती रात्र घरी काढू नका, थेट रुग्णालयात न्या. त्या दिवशी तोंडाने काही देऊ नका, पपईसुद्धा नाही.

आणि मोसंबी आवडत असतील तर त्या सोडायचं कारण नाही. एखाद्या दुपारी नासपतीच्या जागी एक मोसंबी सोला, पाकळीची पातळ साल न काढता बिया काढून मिक्सरला फिरवा आणि न गाळता वाटीत द्या. वाटीत चमचा उभा राहील इतकं दाट झालं की समजा, चोथा या खेपेला केरात गेला नाही.